उपास आणि उपाशी : विनोदातील अतिशयोक्तीचे माप

विनोदी निबंध वाचून आपण हसतो तेव्हा नेमके कशाला हसतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुष्कळदा विचारलेला आहे. न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसे'पासून ह्या विषयावर मराठीत विपुल लेखन झाले. विसंगती, अपेक्षाभंग, शाब्दिक कोटी, अतिशयोक्ती, उपरोध अशी वर्गवारी झाली आणि परीक्षेला बसणारा विद्यार्थी ती पाठही करतो. परंतु ह्या सगळ्या मीमांसेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वाचक एकच आहे, आणि तो लेखकाच्या शेजारीच राहतो, अशी ती गोष्ट. वाचक लेखकाच्या शेजारी राहत नसेल तर काय होते, हे मला पुस्तकात वाचून कळले नाही. ते वर्गात कळले.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी मराठीचा वर्ग घेत होतो. विनोदी गद्य शिकवताना पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'उपास' हा लेख मी मोठ्याने वाचून दाखवला. हा लेख मराठी माणसाला अर्धा तोंडपाठ असतो. पुलंनी तो स्वतः रंगमंचावरून इतक्यांदा ऐकवला, आणि त्याच्या ध्वनिफिती इतक्या घरांतून वाजल्या, की वाचतानाही त्यांचाच आवाज ऐकू येतो. माझा वर्ग हसत होता. मात्र सगळा वर्ग हसत नव्हता. मागच्या तीन बाकांवर वसतिगृहातली मुले बसत, बहुतेक मराठवाड्यातून आलेली. ती मुले सभ्यपणे ऐकत होती. तास संपल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडं उपास आन् उपाशी हे दोन येगळे शब्द हायेत."

हे वाक्य त्याने तक्रार म्हणून उच्चारले नव्हते. तरीही माझा पुढचा तास त्यातच गेला, आणि हा लेखही त्यातूनच निघाला आहे.

प्रथम अतिशयोक्ती हसवते कशी ते पाहू. त्या मुलांना समजावे म्हणून त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि वसतिगृहाच्या मेसमधली डाळ घेतली. डाळ पातळ असते, ह्याबद्दल वर्गात दुमत नव्हते. फळ्यावर मी तीन वाक्ये लिहिली. पहिले : मेसची डाळ पातळ असते. दुसरे : मेसची डाळ इतकी पातळ असते की ताटात वाढली तर दारापर्यंत वाहत जाते. तिसरे : काल मेसच्या डाळीत एक दाणा सापडला, रेक्टरसाहेबांनी ताबडतोब चौकशी समिती नेमली.

पहिल्या वाक्याला कोणी हसले नाही, कारण ती तक्रार आहे. दुसऱ्याला थोडे हसले. तिसऱ्याला मात्र मागचे तीन बाक उसळले, आणि पुढचे बाक त्यांच्याकडे वळून पाहू लागले. तासाचा उरलेला वेळ आम्ही ह्या फरकाची उकल करण्यात घालवला.

दुसऱ्या वाक्यात खरी गोष्ट तिच्याच दिशेने ताणली आहे. डाळ पातळ आहे, ती आणखी पातळ केली. अतिशयोक्तीची ही साधी रीत झाली. तिला एक खरे बूड लागते. डाळ मुळात घट्ट असती तर वाक्य खोटे ठरले असते, आणि खोट्याला कोणी हसत नाही. शिवाय ताणण्यालाही मर्यादा आहे. डाळ दारापर्यंत वाहत जाते हे डोळ्यांसमोर दिसते. ती समुद्राला जाऊन मिळते असे म्हटले की चित्र मोडते आणि लेखकाची खटपट तेवढी दिसते. नवशिक्या विनोदी लेखकाची चूक बहुधा इथेच होते. त्याला वाटते की जितके मोठे फुगवावे तितके हसू मोठे. वस्तुतः अतिशयोक्तीला मोठेपणापेक्षा नेमकेपणा अधिक मानवतो. 'पुष्कळ दूर' म्हटल्याने जे साधत नाही ते 'दारापर्यंत' म्हटल्याने साधते.

तिसऱ्या वाक्यात काही निराळेच घडले आहे. तिथे डाळ पातळ असल्याचे लेखकाने म्हटलेलेच नाही. उलट डाळीत डाळ सापडणे हाच गुन्हा ठरवला आहे, आणि तोही चौकशी समितीच्या गंभीर सरकारी भाषेत. बोलणारा रेक्टरच्या बाजूने उभा असल्याचा आव आणतो. डाळ पातळ आहे, आणि ती पातळ ठेवण्याची एक व्यवस्था आहे, हे सारे वाचकाला स्वतः जोडून घ्यावे लागते. हा उपरोध. उपरोधात लेखक अर्धेच बोलतो, आणि उरलेले अर्धे ज्याला आधीपासून ठाऊक असते तोच हसतो. मेसमध्ये जेवलेल्याला एका क्षणात कळते. घरून डबा आणणाऱ्याला प्रथम समजावून सांगावे लागते, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला कोणी हसत नाही. पुढचे बाक वळून पाहत होते ते ह्याच कारणाने. त्या एका वाक्यापुरती वर्गातली जागांची वाटणी उलटी झाली होती.

आता ह्याच कसोट्या 'उपास'ला लावू. लेखातला 'मी' वजन कमी करण्याचा निश्चय करतो. निश्चय जाहीर होताच चाळ त्याच्यावर तुटून पडते. प्रत्येक शेजारी आपापल्या बोलीत, आपापल्या स्वभावाप्रमाणे सल्ला देऊ लागतो. कोणी एक पदार्थ सोडायला सांगतो, कोणी दुसरा, आणि सोडण्याच्या गोष्टींची यादी हळूहळू ताटाच्याही पलीकडे जाते. चाळीतल्या खोलीत दोरीवरच्या उड्यांचाही प्रयोग होतो. अखेर वजन काही उतरत नाही.

ह्या लेखात अतिशयोक्ती रचली आहे ती बेरजेने. एकेकट्या सल्ल्यात फारशी अतिशयोक्ती नाही. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात आजही असले सल्ले ऐकू येतात. पण ते एकापुढे एक मांडत गेले की त्यांची बेरीज हास्यास्पद होते, कारण सगळ्यांचे ऐकले तर खाण्यासारखे जगात काही उरतच नाही. प्रत्येक पायरी खरी आणि जिना मात्र अशक्य, अशी ती रचना आहे. पुलंचे कौशल्य असे की ते एकाही पायरीवर जास्त वेळ थांबत नाहीत. थांबले असते तर वाचकाने त्या सल्ल्याचा खरेखोटेपणा तपासला असता.

उपरोध आहे तो 'मी'च्या आवाजात. हा माणूस वजन उतरवण्याच्या उद्योगाबद्दल एखाद्या व्रताबद्दल बोलावे तशा गांभीर्याने बोलतो. भाषा निग्रहाची, कृती कच खाण्याची. त्याचा निश्चय टिकणार नाही हे वाचकाला पहिल्याच परिच्छेदात कळते, त्याला स्वतःला ते शेवटपर्यंत कळत नाही. वाचक त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे राहतो, आणि सारे हसू त्या एका पावलात साठलेले आहे. 'मी शेवटी पराभूत झालो' अशी सरळ कबुली लेखकाने मध्येच दिली असती, तर तो निबंध आत्मपरीक्षणाचा झाला असता.

इथपर्यंत हा लेख उत्तम आहे, आणि तो उत्तम नाही असे म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यातले हसू लेखकाने स्वतःच्या देहावर आणि स्वतःच्या दुबळ्या संकल्पावर घेतले आहे. ह्याउलट गडकऱ्यांच्या 'बाळकरामा'त तिंबूनानांच्या ठकीसाठी स्थळ शोधताना जी अतिशयोक्ती येते ती त्या मुलीच्या रूपावर येते. ठकीला त्या साऱ्या गदारोळात स्वतःची बाजू मांडता येत नाही. साधन एकच असले तरी ते कोणाच्या अंगावर चालवले ह्याने फरक पडतो. पुलंनी ते स्वतःवर चालवले ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

मग मागचे तीन बाक का हसले नाहीत? त्यांना विनोद कळला नाही, असे उत्तर आमच्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये दिले. हे उत्तर फार जुने आहे. दलित वाचकाला अभिरुची नाही, त्याला सूक्ष्म विनोद झेपत नाही, तो सदा चिडलेला असतो, हे आपण पुष्कळ ऐकले आहे. पण चौकशी समितीच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसलेली मुले तीच होती. समज कमी होती असे म्हणायला जागाच नाही.

कारण मला असे दिसते. प्रत्येक अतिशयोक्तीच्या मागे एक माप असते. 'जास्त' म्हणजे कशापेक्षा जास्त, ते माप लेखक सांगत नाही, कारण वाचकाकडेही तेच आहे असे तो धरून चालतो. 'उपास'चे माप दोन वेळच्या भरल्या ताटाचे आहे. जेवण आहेच, ते रोज आहे, ते नको म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, आणि तो अधिकार बजावणे कठीण जाते, ह्यातून सारा विनोद उभा राहतो. सोमण, बर्वे, रेगे, त्रिलोकेकर, हट्टंगडी अशी आडनावे ज्या चाळीत नांदतात तिथे हे माप सर्वांचे आहे. ती चाळ गरीब आहे, नळावर भांडते, पण तिचे दारिद्र्य कारकुनाच्या पगाराचे आहे. त्याच मुंबईत परळला इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब राहत होते, वरळी-नायगावला बीडीडी चाळी होत्या. तिथल्या खोल्यांतही माणसे हसत होती, पण त्यांची मापे मराठी विनोदी निबंधात आली नाहीत.

'उपास धरणे' आणि 'उपाशी राहणे' ह्यांतला फरक त्या मुलाने बरोबर पकडला. उपास धरला जातो, धरणारा कर्ता असतो, सोडणाराही तोच असतो. उपाशी मात्र माणूस राहतो, कोणीतरी त्याला ठेवते. मागच्या बाकांवरच्या मुलांच्या घरांत १९७२चा दुष्काळ अजून बोलण्यात येतो. खडी फोडायला गेलेली आजी, सुकडीचे वाटप, लाल मिलोची भाकरी ह्या त्यांच्या घरच्या गोष्टी आहेत. अशा घरातल्या मुलाने 'माणसाला न जेवणे जमत नाही' ह्या विधानाला हसायचे, तर त्याने प्रथम आपले माप बाजूला ठेवून दुसऱ्याचे उचलले पाहिजे. शिकल्यावर ते येतेही. मी स्वतः ते केव्हाच उचलले होते, आणि उचलल्याचे विसरलोही होतो. नाहीतर तो लेख वाचून दाखवताना मला मागचे बाक आधीच दिसले असते.

ह्यावरून कोणी म्हणेल की भुकेवर विनोदच होऊ नये. हे मला मान्य नाही. आपल्या वस्त्यांतून भुकेवर जितका विनोद होतो तितका दुसऱ्या कशावर होत नसेल. आमटीत डाळीचा दाणा शोधायला पाण्यात उडी मारावी लागते, असे सांगणाऱ्या बायका मी लहानपणी ऐकल्या आहेत. अतिशयोक्ती तीच, मेसच्या डाळीचीच. फक्त ती ताणली जाते दुसऱ्या टोकाकडून. पुलंच्या लेखात 'आहे' ते 'नको' म्हणण्याची ओढाताण आहे, इथे 'नाही' त्याचाच थाट मांडलेला आहे. बोलीत हे सर्रास चालते, पण लिहिताना आपण ते टाळतो. आत्मकथनांतून ते कुठे कुठे डोकावते. निबंध म्हणून, केवळ हसण्यासाठी म्हणून, ते आपण फारसे लिहिले नाही.

उपरोधाची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. उपरोधाला नेहमी दोन श्रोते लागतात. एकाला वरचा अर्थ कळतो, दुसऱ्याला खालचा. पाटलाच्या वाड्यासमोर उभा राहून 'मालक, तुमच्या किरपेनं सारं झ्याक हाय' म्हणणारा माणूस मालकाला एक सांगत असतो आणि शेजारी उभ्या असलेल्या भावकीला दुसरे. मालक खूश होतो, भावकी घरी गेल्यावर हसते. ज्याला सरळ बोलण्याची मुभा नाही त्याच्या तोंडी उपरोध आपोआप येतो. त्याला तो निबंधकारांकडून शिकावा लागत नाही.

मराठी लेखनात हे दोन श्रोते आधुनिक काळात प्रथम कोणी ओळखले असतील तर जोतीराव फुल्यांनी, असे मला वाटते. 'तृतीय रत्न' ह्या १८५५ सालच्या नाटकात जोशी भोळ्या कुणबी जोडप्याला नाडतो. त्यात विदूषक आहे, आणि त्याचे काम जोशाच्या बोलण्यातला खालचा अर्थ प्रेक्षकाला उघडून दाखवण्याचे आहे. जोतीरावांचा प्रेक्षक अजून जोशालाच खरा मानणारा होता. त्याच्यापुढे नुसता उपरोध ठेवला असता तर त्याने जोशाचे बोलणे सरळ अर्थाने घेतले असते. म्हणून विदूषक बाहेर उभा केला.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना अशा विदूषकाची गरज भासली नाही. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख आला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' झाले. त्यांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी जुन्या रूढींच्या बाजूने मोठ्या तळमळीने बोलते, आणि ती जितकी बाजू घेते तितक्या रूढी उघड्या पडतात. हे निखळ उपरोधाचे लेखन आहे, आणि मराठीत त्याची वाट कोल्हटकरांनी पाडली हे मानलेच पाहिजे. पण विदूषक गाळता आला, कारण त्यांचा वाचक त्याच घरात वाढलेला होता. सुदाम्याचे सोवळे-ओवळे त्याने माजघरात पाहिले होते. त्याला तपशील ठाऊक होते, म्हणून खालचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला. त्याच तपशिलांमुळे त्या लेखनाला एक कुंपणही पडले. ज्या माणसाच्या सावलीने हे सोवळे मोडत होते तो माणूस ह्या विनोदात वाचक म्हणून गृहीत धरलेला नाही. कर्मकांडाची फजिती झाली ती घरच्या घरी, आणि हसणारा तो संध्याकाळी पुन्हा त्याच पाटावर बसू शकत होता. कोल्हटकरांच्या सुधारकी प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण उपरोधाचा हा धोका त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो : ज्याच्यावर तो केला, त्यालाही तो मजेत पचवता येतो.

आपल्या लेखनातला धोका उलट आहे. आपल्या नियतकालिकांतून येणारे उपरोधिक लेख मी आवडीने वाचतो आणि पुष्कळदा हळहळतो. लेखकाने एखाद्या समरसतावाद्याची, एखाद्या 'आम्ही जात मानत नाही' म्हणणाऱ्या घरमालकाची भाषा अचूक पकडलेली असते. घरमालक भाडेकरूचे आडनाव तीनदा विचारतो आणि तिन्ही वेळा जात मानत नसल्याचे सांगतो, इतके लिहून थांबले तर काम झाले. पण आपला लेखक तिथे थांबत नाही. पुढच्या ओळीत 'काय हा दांभिकपणा!' असे उद्गारचिन्हासह लिहितो. मेसच्या डाळीच्या तिसऱ्या वाक्यापुढे 'काय हा अन्याय!' एवढे जोडून पाहावे, हसू जागच्या जागी विझते. हे का घडते तेही समजण्यासारखे आहे. आपल्याला वाचकाची खात्री नसते. तो घरमालकाच्या बाजूचा असला तर, अशी भीती असते, आणि त्या भीतीपोटी आपण जोतीरावांचा विदूषक पुन्हा बोलावतो. पण आता विदूषक म्हणून लेखक स्वतःच उभा राहतो, आणि तो विनोद करत नाही, भाषण करतो. १८५५च्या प्रेक्षकाला ते लागत होते. आजच्या आपल्या वाचकाने भाड्याची खोली शोधलेली आहे. त्याला पुढची ओळ लागत नाही.

त्या वर्गाला मी शेवटी एक पानाचा विनोदी मजकूर लिहून आणायला सांगितला. विषय 'आमच्या घरचा उपास'. पुढच्या बाकांवरून साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि एकादशी दुप्पट खाशी अशा वळणाचे बरे मजकूर आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपल्या आजीबद्दल लिहिले होते. आजीच्या म्हणण्याप्रमाणे बाहत्तर साली त्यांच्या घराने इतके उपास केले, की शेवटी पंढरपूरहून निरोप आला : आता पुरे करा, तुमचे पुण्य ठेवायला राऊळात जागा उरलेली नाही.

मागचे बाक लगेच हसले. पुढच्या बाकांवर क्षणभर शांतता होती, मग तेही हसले. मी एकाला विचारले, इतका वेळ का लागला. तो म्हणाला, "हसावं की नाही ते कळेना, सर."

त्यावर ती मुलगीच वळून म्हणाली, "हसा की. आजी हसूनच सांगती."